बोटीवरचा एपर्ब: बटण दाबल्यावर पुढे काय होतं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एपर्ब, डॅट, पीएलबी म्हणजे संकटात सॅटेलाइटकडे हाक मारणारे बीकन, यांच्याबद्दल बंदरावर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येत राहतात. म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. बऱ्याच जणांना वाटतं की एपर्बचा डबा म्हणजे जीपीएस आहे, बटण दाबलं की कोस्ट गार्डच्या स्क्रीनवर ठिपका येतो आणि हेलिकॉप्टर निघतं. असं नसतं. आधी कळतं *कोण* अडकलंय, मग कळतं *कुठे*, आणि ते "कुठे" हळूहळू नीट होत जातं.

एपर्ब म्हणजे नक्की काय असतं?

पिवळा किंवा नारंगी डबा, वर एक अँटेना, एक चमकणारा दिवा, आत बॅटरी. पाण्यात टाकला तर उभा तरंगतो आणि अँटेना आकाशाकडे राहते. चालू झाला की साधारण दर ५० सेकंदांनी ४०६ मेगाहर्ट्झवर ५ वॅटचा एक छोटा डिजिटल मेसेज सोडतो. प्रत्येक मेसेज जेमतेम अर्ध्या सेकंदाचा. मधला वेळ मुद्दाम थोडा कमी जास्त ठेवलेला असतो, म्हणजे दोन बीकन एकाच वेळी चालू असले तरी दरवेळी एकमेकांवर आदळत नाहीत. याशिवाय १२१.५ मेगाहर्ट्झवर एक बारीक सिग्नल सतत चालू असतो, तो सॅटेलाइटसाठी नाही, जवळ आलेल्या विमानासाठी आणि बोटीसाठी आहे, त्याच्याबद्दल खाली लिहिलंय.

बॅटरी किमान ४८ तास चालली पाहिजे असा नियम आहे, थंडीतसुद्धा. अंगावर लावायच्या पीएलबीला हाच आकडा २४ तास आहे.

मोबाईल आहे, व्हीएचएफ आहे, मग हे कशाला?

मोबाईल किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की संपला. व्हीएचएफ चांगला आहे, चॅनेल १६ वर हाक मारायलाच पाहिजे, पण तो नजरेच्या टप्प्यातला रेडिओ आहे, अँटेना किती उंच त्यावर सगळं, आणि बोट उलटली की सेटही गेला, बॅटरीही गेली. एपर्बला बोटीची बॅटरी लागत नाही, तांडेल शुद्धीवर असायची गरज नाही, कोणी बोलायचीही गरज नाही. ब्रॅकेटमध्ये बसवलेला असेल तर बोट बुडताना तो स्वतःच सुटतो.

स्वतः कसा सुटतो? कोणी बटण दाबलं नाही तर?

ब्रॅकेटमध्ये एक हायड्रोस्टॅटिक रिलीज असतो, लोक त्याला एचआरयू म्हणतात. पाण्याचा दाब वाढला की, साधारण दीड ते चार मीटर खोलीवर, आतली सुरी बसते, खिळा कापला जातो, झाकण उडतं आणि डबा वर येतो. पाण्याचा स्पर्श झाल्यावर बीकन स्वतः चालू होतो, पण फक्त ब्रॅकेटमधून बाहेर असेल तरच, नाहीतर पावसात आणि डेक धुताना रोज चालू झाला असता.

आता गंमत बघा. बरेच जण एपर्ब केबिनच्या आत ठेवतात, कारण बाहेर चोरी होते. किंवा वर जाळं, दोरखंड, क्रेट रचलेले असतात. बोट बुडाली तर तो सुटून छताला आतून चिकटून राहणार. सुटलेला बीकन सरळ वर यायला मोकळी जागा पाहिजे, वर काहीही आडवं नको. एचआरयूवर एक्सपायरी लिहिलेली असते, सहसा दोन वर्षं, आणि बहुतेक बोटींवर हीच तारीख उलटून गेलेली सापडते. बॅटरीची तारीख सगळे बघतात, याची कोणी बघत नाही.

बटण दाबल्या दाबल्या मेसेज जातो का?

लगेच नाही. पहिला मेसेज साधारण ५० सेकंदांनी जातो. चुकून चालू झाला असेल तर तेवढ्यात बंद करता यावा म्हणून हा उशीर ठेवलाय. त्यामुळे "काहीच होत नाहीये" म्हणून घाबरून बंद चालू, बंद चालू करू नका. एकदा चालू केला की सोडवणूक होईपर्यंत चालूच ठेवा, बॅटरी वाचवायला मध्येच बंद करणं ही सगळ्यात वाईट आयडिया.

त्या मेसेजमध्ये असतं काय?

मुख्य गोष्ट म्हणजे बीकनचा आयडी. त्यात देशाचा तीन आकडी कोड असतो, भारताचा ४१९. मग त्या बीकनचा स्वतःचा नंबर. बीकनवर लेबल असतं त्यावर १५ अक्षरांचा हेक्स आयडी छापलेला असतो, तोच हा. मेसेजसोबत चूक ओळखून दुरुस्त करायचे जास्तीचे बिट पण असतात, म्हणजे वाटेत एखाददुसरा बिट बिघडला तरी आयडी वाचता येतो.

बीकनमध्ये जीपीएस असेल तर मेसेजमध्ये अक्षांश रेखांश पण येतात. नसेल, किंवा जीपीएसला अजून आकाश सापडलं नसेल, तर ती जागा रिकामी जाते. पहिल्या काही मेसेजमध्ये पोझिशन नसणं अगदी नॉर्मल आहे, रिसीव्हर थंड असतो, कधी काही मिनिटं लागतात.

एक गोष्ट मेसेजमध्ये *नसते*: बोटीचं नाव, मालकाचा फोन, माणसं किती. हे सगळं रजिस्ट्रेशनमधून शोधावं लागतं. म्हणून रजिस्ट्रेशन नसेल तर रेस्क्यूवाल्याच्या हातात फक्त एक नंबर असतो.

सॅटेलाइट कोणाचे आहेत? इस्रोचे?

काही आपले, बरेचसे दुसऱ्यांचे. या सगळ्या व्यवस्थेचं नाव कॉस्पास-सारसॅट. अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि तेव्हाचा सोव्हिएत युनियन यांनी शीतयुद्ध चालू असताना मिळून उभी केली, पहिला सॅटेलाइट १९८२ च्या जूनमध्ये सोव्हिएतचा गेला आणि त्याच सप्टेंबरमध्ये कॅनडात पडलेल्या एका छोट्या विमानातली तीन माणसं त्याच्यामुळे सापडली. आज भारतासकट बरेच देश त्यात आहेत.

आपल्याकडचं केंद्र बेंगळुरूला इस्रोच्या इस्ट्रॅकमध्ये आहे, त्याला इंडियन मिशन कंट्रोल सेंटर म्हणतात. सॅटेलाइटकडून सिग्नल घेणारे डिश अँटेना बेंगळुरू आणि लखनऊला. तिथून अलर्ट जातो कोस्ट गार्डच्या रेस्क्यू सेंटरला, म्हणजे एमआरसीसीला. ती तीन आहेत, मुंबई, चेन्नई आणि श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचं पोर्ट ब्लेअर. कोकण, गोवा, गुजरात हे सगळं मुंबईकडे.

सॅटेलाइटला पोझिशन कळते कशी? बीकनमध्ये जीपीएस नसेल तरीही?

हो, नसेल तरीही. हाच भाग सगळ्यात भारी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तीन प्रकारचे सॅटेलाइट आहेत आणि प्रत्येकाची पद्धत वेगळी.

पहिले खालून फिरणारे, ८५० ते १००० किलोमीटर उंचीवरचे, ध्रुवावरून ध्रुवावर जाणारे. हे सेकंदाला सात किलोमीटरहून जास्त वेगाने पळतात. स्टेशनात न थांबणारी गाडी हॉर्न देत येते तेव्हा आवाज चढा असतो आणि पुढे गेली की उतरतो, तसंच इथे होतं. सॅटेलाइट बीकनकडे येत असताना ४०६ मेगाहर्ट्झ थोडा वर सरकलेला ऐकू येतो, लांब जाताना खाली, फरक जास्तीत जास्त साधारण ९ किलोहर्ट्झचा. जिथे फरक शून्य झाला त्या क्षणी सॅटेलाइट बीकनच्या सगळ्यात जवळ होता. आणि ती चढ-उतार किती झपकन झाली त्यावरून बीकन सॅटेलाइटच्या वाटेपासून किती लांब आहे ते कळतं. झपकन झाली तर जवळ, हळू झाली तर लांब.

पण लांब म्हणजे डावीकडे की उजवीकडे? हे एका फेरीत नीट कळत नाही. गणित दोन उत्तरं देतं, वाटेच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर दुसरं. समजा बीकन रत्नागिरीच्या पश्चिमेला समुद्रात आहे आणि सॅटेलाइट कर्नाटकावरून उत्तरेकडे गेला, तर दुसरं उत्तर तेलंगणा-आंध्रकडे कुठेतरी जमिनीवर पडेल. बोटीचा बीकन आहे म्हटल्यावर जमिनीवरचं उत्तर सहसा बाद करता येतं. दोन्ही उत्तरं समुद्रात पडली तर मात्र पुढच्या सॅटेलाइटची वाट बघायची, खरी जागा दोन्ही फेऱ्यांत तीच येते आणि खोटी बदलते. पृथ्वी स्वतः फिरते त्याचाही थोडा परिणाम आकड्यांत दिसतो, त्यावरूनही कोणतं उत्तर जास्त शक्य आहे ते सांगता येतं. अचूकता साधारण पाच किलोमीटरच्या आत. अडचण एवढीच की सॅटेलाइट डोक्यावर यायला पाहिजे. एक फेरी फार तर पंधरा मिनिटं दिसते, आणि आपण विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ असल्यामुळे दोन फेऱ्यांमधली वाट ध्रुवाकडच्या लोकांपेक्षा जास्त.

दुसरे ३६,००० किलोमीटरवरचे, आपल्यावर एकाच जागी उभे असलेले. आपले इन्सॅट यातले. हे कायम बघत असतात, त्यामुळे अलर्ट काही मिनिटांत कळतो. पण हलत नसल्याने वरचं गणित चालत नाही, स्वतः पोझिशन काढता येत नाही. मेसेजमध्ये जीपीएस आकडे असले तर ते पुढे पाठवतात, नसले तर फक्त आयडी.

तिसरे मधल्या उंचीवरचे, १९ ते २४ हजार किलोमीटर. जीपीएस, गॅलिलिओ आणि ग्लोनास यांच्या सॅटेलाइटवरच बीकन ऐकणारा एक रिपीटर बसवलाय. ते मेसेज वाचत नाहीत, जसा आला तसा खाली ढकलतात. खाली स्टेशनवर चार-सहा डिश वेगवेगळ्या सॅटेलाइटकडे रोखलेले असतात. एकच मेसेज वेगवेगळ्या सॅटेलाइटवरून किंचित वेगवेगळ्या वेळी येतो आणि फ्रीक्वेन्सीही किंचित वेगळी असते. मायक्रोसेकंदाचा फरक म्हणजे ३०० मीटरचा फरक. तीन किंवा जास्त सॅटेलाइटने ऐकलं की जागा काढता येते, सॅटेलाइट डोक्यावर यायची वाट बघावी लागत नाही. मेसेज जितके जास्त येतील तितकं उत्तर सुधारत जातं. आज मुख्य भार यांच्यावरच आहे.

म्हणजे जीपीएसवाला बीकन घ्यायचा की साधा चालेल?

जीपीएसवाला घ्या. जीपीएस नसेल तर रेस्क्यूला पाच किलोमीटरच्या आसपासचं वर्तुळ मिळतं, असेल तर साधारण शंभर-सव्वाशे मीटर. रात्री, लाटांमध्ये, पाण्यात फक्त डोकं दिसणारा माणूस शोधायचाय हे लक्षात घेतलं तर फरक कळेल. आणि दोन वेगळ्या मार्गांनी आलेली पोझिशन जुळली की सेंटरला खात्री पटते, कुठलंही एकच उत्तर असलं तर ते आंधळेपणाने कोणी धरत नाही.

एक उदाहरण घेऊन सांगा ना, मिनिटामिनिटाने.

चला. ही घटना घडलेली नाही, हिशोब समजावा म्हणून बनवलीये.

मिरकरवाड्याचा ट्रॉलर, सात माणसं, रत्नागिरीच्या पश्चिमेला ४० सागरी मैल. रात्री २:४० ला इंजिन रूममध्ये पाणी भरलं, बोट झपाट्याने खाली गेली. एपर्ब सुटून वर आला. २:४१ ला पहिला मेसेज, पोझिशन रिकामी. इन्सॅटने ऐकला, बेंगळुरूला आयडी वाचला गेला, ४१९, म्हणजे आपला. आता कोण अडकलंय ते कळलं, कुठे ते नाही.

मेसेज येतच आहेत. पाचेक मिनिटांत मधल्या उंचीच्या सॅटेलाइटवरून कच्ची जागा निघते. तेवढ्यात बीकनच्या जीपीएसलाही आकाश सापडतं आणि मेसेजमध्ये आकडे यायला लागतात. दोन्ही जवळपास जुळतात. मुंबई एमआरसीसीला अलर्ट.

आता ड्युटीवरचा माणूस सगळ्यात आधी काय करतो? विमान उडवत नाही, फोन उचलतो. रजिस्ट्रेशनमधला नंबर. घरातलं कोणीतरी झोपेतून उठतं आणि सांगतं, हो, बोट परवा निघालीये, सात जण आहेत, सोबत एक राफ्ट आहे, रंग निळा. हे एवढं वाक्य सोन्याच्या भावाचं आहे. किंवा सांगतं, बोट तर जेटीला बांधलीये, मग गोष्ट वेगळी. फोन लागलाच नाही, नंबर बंद, तर? अलर्ट खरा मानूनच पुढे जातात, पण कसली बोट, किती माणसं, काय शोधायचं ते माहीत नसतं.

त्याच वेळी जवळपास कोण आहे ते बघतात. जहाजं आपली जागा रेडिओवर सांगत असतात त्या एआयएसवर एक मालवाहू जहाज २५ मैलांवर दिसतंय, १२ नॉट वेगाने. त्याला वळवलं. दोन तास लागणार. कोस्ट गार्डची बोट आणि उजाडायला विमान.

आणि इथे एक गोष्ट लोक विसरतात. दोन तासात माणसं जिथे होती तिथे राहत नाहीत. पाण्याची ओढ एक नॉट धरली तरी दोन सागरी मैल, म्हणजे जवळपास पावणेचार किलोमीटर, आणि वरून वारा. राफ्ट वाऱ्याने जास्त सरकतो, पाण्यातला माणूस कमी, त्यामुळे काय शोधतोय त्यावर शोधायचा पट्टा बदलतो. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचं सारट नावाचं टूल आहे, ते वारा आणि करंट घालून कुठे शोधायचं त्याचा नकाशा देतं. बीकन चालू असेल तर नवीन पोझिशन येत राहते आणि हा अंदाज दुरुस्त होत राहतो. म्हणूनच मघाशी म्हटलं, मध्येच बंद करू नका.

बीकन कशाला बांधायचा?

राफ्टला. राफ्ट नसेल तर अंगाला. बोटीला *कधीच* नाही, बोट बुडाली तर तोही खाली जाईल. दोरी दिलेली असते ती यासाठीच. माणसं एकीकडे आणि बीकन दुसरीकडे वाहत गेला तर सगळी अचूकता वाया, विमान बरोबर जागी येईल आणि तिथे फक्त एक नारंगी डबा असेल.

जवळ आल्यावर शेवटचे दोन-तीन किलोमीटर कसे शोधतात?

इथे तो १२१.५ मेगाहर्ट्झवाला बारीक सिग्नल कामाला येतो. विमानावर आणि कोस्ट गार्डच्या जहाजांवर दिशा दाखवणारा रिसीव्हर असतो. पॉवर खूप कमी, वॅटचा छोटासा भाग, पण विमान उंचावर असल्याने त्याला बऱ्याच लांबून ऐकू येतो, बोटीला मात्र काही मैलांतच. ४०६ वर पण दिशा घेता येते, पण तो ५० सेकंदांनी एकदा अर्धा सेकंद येतो, म्हणून थोडं कटकटीचं. रात्री चमकणारा दिवा. नव्या एपर्बमध्ये इन्फ्रारेड दिवा आणि एआयएस पण येतो, मग जवळच्या जहाजाच्या प्लॉटरवर थेट खूण दिसते.

खरं कधी चालतं का हो हे?

तेव्हा नौदलात असलेल्या अभिलाष टॉमींची २०१८ ची गोष्ट घ्या, कारण ती बऱ्यापैकी नोंदलेली आहे आणि त्यांची बोट थुरिया गोव्यात बांधलेली होती. गोल्डन ग्लोब रेस, एकट्याने न थांबता जगाला फेरी, आणि उपकरणं १९६८ च्या काळातली. २१ सप्टेंबरला हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळात बोट उलटी फिरली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार. उठता येत नव्हतं. आयोजकांनी दिलेल्या टेक्स्ट युनिटवरून त्यांनी तुटक मेसेज पाठवले आणि एपर्ब चालू केला.

ती जागा ऑस्ट्रेलियाच्या पर्थपासून जवळपास १९०० सागरी मैल. हेलिकॉप्टरचा प्रश्नच नाही. तो पट्टा ऑस्ट्रेलियाच्या जबाबदारीत येतो, म्हणून कॅनबेराच्या रेस्क्यू सेंटरने सूत्रं हातात घेतली, बोट भारतीय असली तरी. बीकन कुठल्या देशाचा हे रजिस्ट्रेशन शोधायला लागतं, पण शोध कोण चालवणार ते बीकन कुठे आहे त्यावर ठरतं.

पोझिशन माहीत होती. तरीही माणूस हातात यायला तीन दिवस लागले. मॉरिशसहून भारतीय नौदलाचं पी-८आय विमान गेलं, त्यांना बोट दिसली, काठी बाजूला लोंबत होती आणि बोट भयंकर डोलत होती. आणि नौदलाने तेव्हा सांगितलं की टॉमींनी एपर्बवरून पिंग देऊन उत्तर दिलं. बोलता येत नसलेल्या माणसाचा तो एकमेव "मी आहे" होता. शेवटी २४ सप्टेंबरला फ्रान्सचं मासेमारीवर गस्त घालणारं ओसिरिस जहाज पोचलं आणि त्यांना काढून अ‍ॅमस्टरडॅम नावाच्या बेटावर नेलं. बीकन जागा सांगतो, अंतर कमी करत नाही. लांब जाणार असाल तर ४८ तासांच्या बॅटरीकडे या नजरेने बघा.

डॅट आणि एपर्ब एकच का?

नाही, आणि हा गोंधळ कोकणात सगळ्यात जास्त आहे. डॅट म्हणजे इस्रोने मच्छीमारांसाठी बनवलेला डिस्ट्रेस अलर्ट ट्रान्समीटर, २०१० पासून वापरात, वीस हजारांहून जास्त बोटींवर. त्यात आग, बोट बुडतेय, मेडिकल असे प्रकार निवडता येतात, एपर्बमध्ये तसं नसतं. सिग्नल आपल्याच सॅटेलाइटवरून बेंगळुरूच्या त्याच सेंटरला येतो आणि तिथून कोस्ट गार्डकडे. जुन्या डॅटची खोड एकच होती, मेसेज गेला की नाही ते बोटीवरच्याला कळायचं नाही, रात्रभर तांडेल बटणाकडे बघत बसायचा. नव्या डॅट-एसजीमध्ये सेंटरकडून पोच येते, शिवाय वादळाची सूचना बोटीवर येते आणि मोबाईलला ब्लूटूथने जोडता येतं.

पण डॅट ही भारतीय व्यवस्था आहे, कॉस्पास-सारसॅटची नाही. आपल्या पाण्यात मासेमारी करणाऱ्याला ती उत्तम, आफ्रिकेच्या पलीकडे निघालेल्या यॉटवर तिचा उपयोग नाही. ३०० टनांवरच्या आंतरराष्ट्रीय मालवाहू जहाजांना तर एपर्ब लागतोच, तिथे पर्याय नाही.

आणि ते छोटे एआयएस बीकन, लाइफ जॅकेटवाले?

ते सॅटेलाइटवर भरवसा ठेवून बनवलेले नाहीत. ते जवळच्या बोटींना सांगतात की माणूस पाण्यात पडलाय. स्वतःच्याच बोटीवरच्यांनी वळून उचलावं यासाठी मस्त. आजूबाजूला कोणीच नसेल तर ऐकणारं कोणी नाही. पीएलबी मात्र ४०६ वर जातो, फक्त त्याची अँटेना हाताने उघडायला लागते आणि पाण्यात हाताने वर धरून ठेवावी लागते, तो बोटीचा नाही, माणसाचा असतो.

सेकंड हँड जुना १२१.५ वाला बीकन स्वस्तात मिळतोय, घेऊ का?

नको. सॅटेलाइटने १२१.५ ऐकणं १ फेब्रुवारी २००९ ला बंद केलंय. तो चालू केलात तर वरून एखादं विमान गेलं आणि त्याने ऐकलं तर ऐकलं. त्यात आयडीही नसतो.

सेकंड हँड ४०६ वाला घेत असाल तर आधीच्या मालकाच्या नावावरची नोंद बदलून घ्या. नाहीतर तुमची बोट बुडेल आणि फोन जाईल तिसऱ्यालाच, आणि तो झोपेत सांगेल, "माझी बोट? ती तर विकली." परदेशातून आणलेला असेल तर देशाचा कोडही बदलून घ्यावा लागतो, ते सर्व्हिस सेंटरला करता येतं.

रजिस्ट्रेशन कुठे करायचं?

४१९ कोडचे बीकन बेंगळुरूच्या मिशन कंट्रोल सेंटरकडे नोंदवायचे. फॉर्ममध्ये हेक्स आयडी, बोटीची माहिती आणि संपर्काचे नंबर. संपर्कात *बोटीवर नसलेल्या* माणसाचा नंबर द्या. हे सांगायला लागू नये, पण स्वतःचाच मोबाईल देणारे भरपूर आहेत, आणि तो मोबाईल बीकन चालू होतो तेव्हा पाण्यात असतो. नंबर बदलला, बोट विकली, रंग बदलला, तर कळवा.

टेस्ट कशी करायची? एकदा चालू करून बघू का?

चालू करून अजिबात नाही. डब्यावर टेस्टचं बटण किंवा स्विचची वेगळी जागा असते. टेस्टमध्ये बीकन एक मेसेज सोडतो पण त्याची सुरुवात मुद्दाम उलटी असते, म्हणजे सॅटेलाइट यंत्रणा तो अलर्ट धरतच नाही. महिन्यातून एकदा पुरे, मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते बघा. जीपीएस टेस्ट वेगळी असते आणि ती बॅटरी जास्त खाते, काही मॉडेलमध्ये बॅटरीच्या आयुष्यात ती मोजक्याच वेळा करता येते, पोराला दाखवायला म्हणून करू नका.

चुकून चालू झाला, आता काय?

बंद करा आणि लगेच कोस्ट गार्डला कळवा. टोल फ्री १५५४, किंवा व्हीएचएफ चॅनेल १६. बंद करून गप्प बसणं सगळ्यात वाईट, कारण त्यांच्या बाजूने दिसतं काय? सिग्नल आला आणि थांबला. म्हणजे बोट गेली असेल. ते शोधायला निघणार, एखादं जहाज वाट सोडून वळणार. ४०६ चे बहुतेक अलर्ट खोटेच निघतात, आणि त्यातले कितीतरी एका फोनमध्ये मिटतात, म्हणून तर आधी फोन करतात.

बॅटरी संपली, तारीख गेली. भंगारात देऊ?

असाच देऊ नका. भंगारवाल्याकडे डबा उलटासुलटा होतो, पावसात भिजतो, आणि चालू होतो. मग कोस्ट गार्डचा माणूस दिशा शोधणारा रिसीव्हर घेऊन गोदामांच्या गल्लीत फिरतो, असं जगभर होत आलंय. बॅटरी बदलून घ्यायची असेल तर अधिकृत सर्व्हिसवाल्याकडेच, कारण डबा उघडल्यावर पाणी जाणार नाही याची चाचणी परत करायला लागते. टाकूनच द्यायचा असेल तर बॅटरी काढून घ्या, ती लिथियमची असते म्हणून ई-कचऱ्यातच द्या, आणि बेंगळुरूला कळवून नोंद काढून टाका.